साहेबांच्या कानावर गेलेले दोन तास

प्रश्न: चाकणजवळच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी चार वर्षं क्वालिटीत, फायनल इन्स्पेक्शनला आहे. डिस्पॅच बघणारा सहकारी प्लांट हेड साहेबांना माझ्याबद्दल खोटं सांगतो. मागच्या महिन्यात गाडी चुकली तेव्हा ‘माल क्वालिटीत पडून होता, मॅडम फोनच उचलत नाहीत’ असं त्यानं सांगितलं. खरं तर माल माझ्याकडेच उशिरा आला होता. हे मला स्टोअरमधल्या एकाकडून कळलं. तेव्हापासून साहेब तुटक बोलतात. सगळ्यांसमोर तमाशा करायचा नाही, पण गप्प बसले तर अप्रेजलमध्ये भोगावं लागेल. काय करू?

उत्तर: पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआरमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. क्वालिटी आणि डिस्पॅच यांचं भांडण सोडवलं नाही असा कारखाना मला आठवत नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना पुढचं वाक्य काय असेल ते मला आधीच दिसत होतं. तरी एक विचारतो. त्यानं सांगितलं ते पूर्ण खोटं आहे की अर्धं?

तुम्हाला वाटेल, यात विचारायचं काय? पण इथेच बहुतेकांचं चुकतं. प्लांट हेडपुढे धादांत खोटं फार दिवस टिकत नाही, कारण कारखान्यात प्रत्येक हालचालीची कुठे ना कुठे नोंद असते. टिकतं ते असं खोटं, ज्याला एखादा खरा आकडा चिकटलेला असतो. साहेबांनी तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्यांना सगळी गोष्टच खरी वाटते. त्या आकड्यापर्यंत तुम्ही पोचला नाहीत, तर ‘तो खोटं बोलतो’ एवढंच तुमच्या हातात राहतं. आणि हे वाक्य साहेब दिवसातून चार जणांकडून ऐकतात.

२०११ साली भोसरीतल्या एका कारखान्यात हुबेहूब असंच झालं होतं. तेच सांगतो. तुमचं काय होणार आहे ते त्यातून बरंचसं कळेल.

फायनल इन्स्पेक्शनला एक तिशीची इंजिनिअर होती. गाडी संध्याकाळी सातला सुटायची, कारण ती वाटेत आणखी दोन ठिकाणचा माल घेऊन ग्राहकाच्या लाइनवर जायची. एका गुरुवारी ब्रॅकेटचा एक लॉट राहिला आणि गाडी त्याच्याशिवाय गेली. रात्री खास टेम्पो करून माल पाठवावा लागला. टेम्पोचं भाडं कुणाच्या नावावर टाकायचं हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा डिस्पॅचवाला साहेबांना म्हणाला, “सर, माल दोन तास क्वालिटीत पडून होता.” साहेबांनी संगणकावर पाहिलं. प्रॉडक्शनची नोंद पाच वीसची, क्वालिटीनं माल सोडल्याची नोंद सात वीसची. बरोबर दोन तास. साहेबांच्या लेखी विषय संपला.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती. “सर, माल माझ्याकडे साडेसहानंतर आलाय, आणि मी पाऊण तासात सोडलाय. तो सरळ खोटं बोलतोय.” मी तिला म्हटलं, मग ते दोन तास आले कुठून ते आधी शोधू.

ते सापडले असे. शेवटचा पार्ट प्रेसवरून उतरला की प्रॉडक्शनचा ऑपरेटर संगणकावर लॉटची नोंद करायचा, आणि त्या क्षणी संगणकाच्या हिशेबी माल ‘इन्स्पेक्शनला’ गेलेला असायचा. प्रत्यक्षात ट्रॉली आधी वॉशिंगला जायची, मग ऑइलिंगला, तिथून इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी. त्या दिवशी वॉशिंगला दुसऱ्या पार्टची रांग होती. वॉशिंगच्या ऑपरेटरची एक कळकट वही होती, तेलाचे बोटांचे ठसे उमटलेली. तिच्यात त्या लॉटपुढे लिहिलं होतं: आत ५.५५, बाहेर ६.३०. इन्स्पेक्शनच्या टेबलावर ट्रॉली आली ६.३५ ला. तिथून ७.२० म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, आणि तेवढा वेळ त्या लॉटला नेहमीच लागायचा.

म्हणजे डिस्पॅचवाल्यानं संगणकावरचा आकडा जसाच्या तसा सांगितला होता. त्याला वॉशिंगची रांग माहीत होती का? होती. कारण सहा वाजता त्यानंच वॉशिंगला जाऊन ‘माझी ट्रॉली आधी घ्या’ म्हणून वाद घातला होता. म्हणजे खोटं बोलला हे नक्की. पण ते खोटं त्यानं घडवलं नव्हतं. समोर पडलेलं उचललं होतं, कारण टेम्पोच्या भाड्याला त्याला एक नाव हवं होतं. त्याची जागाही जरा समजून घ्या. डिस्पॅचच्या माणसाला महिनाअखेर दोनच गोष्टी विचारतात: माल वेळेवर किती गेला आणि जादा गाड्यांवर किती खर्च झाला. दोन्ही आकडे बिघडायची कारणं बहुतेक वेळा दुसऱ्या खात्यात असतात आणि शिव्या मात्र त्याला बसतात. त्यानं खोटं बोलावं असं मी म्हणत नाही. पण तो तुमच्या वाईटावर टपलाय असं धरून चाललात, तर तुम्ही माणसाच्या मागे लागाल आणि तो आकडा तसाच राहील.

तर तुमच्याकडचे ‘दोन तास’ शोधा. मागच्या महिन्यातला तो एकच दिवस घ्या. चार वर्षांतल्या सगळ्या कागाळ्या एकत्र करू नका. मी अशा फायली पाहिल्यात, तीस-तीस पानांच्या. साहेब पहिलं पान बघतात आणि ‘ही बाई माझ्याविरुद्धही फाइल ठेवत असेल’ एवढंच त्यांच्या मनात राहतं. त्या एका लॉटचा प्रवास मिनिटांत मांडा: मशिनवरून कधी उतरला, मध्ये कुठे थांबला, तुमच्याकडे कधी आला, कधी सुटला, गाडी गेटबाहेर कधी गेली.

यात कुणाच्या हातची नोंद आहे याला फार महत्त्व आहे. तुमच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये ६.३५ लिहिलेलं असणं चांगलं, पण ते तुमचंच आहे. वॉशिंगवाल्याची वही, गेटवरच्या सिक्युरिटीचं आउटवर्ड रजिस्टर, फोर्कलिफ्टवाल्याची ट्रिपशीट, हे अशा माणसांनी लिहिलेलं असतं ज्यांना तुमच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही. अशी एक ओळ तुमच्या दहा ओळींना भारी पडते. फक्त घड्याळांचा घोळ तपासून घ्या. गेटचं घड्याळ आणि संगणकाचं घड्याळ यांच्यात सात-आठ मिनिटांचा फरक मी कित्येकदा पाहिलाय. तो फरक आधी तुम्ही काढला नाही तर समोरचा काढील, आणि मग तुमचा सगळा कागद संशयात जाईल. कॅमेऱ्याचं चित्रीकरण असेल तर तेही लवकर विचारा. त्यावर काही दिवसांनी नवं चित्रीकरण चढतं आणि जुनं जातं.

एक ताकीद मात्र देतो, कारण यात चांगल्या माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्यात. हे कागद स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका, ग्राहकाच्या नावाचे रिपोर्ट मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊ नका, आणि कुणाचं बोलणं चोरून रेकॉर्ड करू नका. कंपनीची माहिती बाहेर नेली हा नियमभंग ठरतो, आणि मग तुम्ही खऱ्या होतात की खोट्या हा प्रश्नच मागे पडतो. नोंद कुठे आहे, कोणत्या तारखेची, कोणत्या पानावर, एवढं लिहून ठेवलं तरी पुरतं. ती वही कारखान्यातच आहे. साहेबांना बघायची असेल तर ते मागवतील.

आता फोनचं. ‘मॅडम फोन उचलत नाहीत.’ त्या दिवशीचे कॉल काढून बघा. भोसरीच्या प्रकरणात त्यानं तीन फोन केले होते आणि त्यातले दोन तिनं उचलले नव्हते. ती मोजमापाच्या खोलीत होती, तिथे फोन बाहेर ठेवायचा नियम होता. हे तिला कागदावर घ्यायचंच नव्हतं. मी तिला म्हटलं, हे सगळ्यात वर घे. ‘माझ्याकडून दोन फोन चुकले’ हे पहिलं वाक्य ज्यानं लिहिलं, त्याची पुढची चार वाक्यं साहेब संशय न धरता वाचतात. आणि नाही लिहिलं, तर डिस्पॅचवाला मोबाइल पुढे करणार हे नक्की. मग वॉशिंगची वही कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही.

आता त्याच्याशी आधी बोलायचं की थेट साहेबांशी? मी साधारण असं पाहतो. हे पहिल्यांदाच झालं असेल आणि त्याच्याशी तुमचं एरवी बरं असेल, तर एकदा त्याच्याशी बोला. चहाच्या टपरीवर बोला, खात्यात नको. “गुरुवारचा लॉट माझ्याकडे दोन तास होता असं वर गेलंय. माझ्या नोंदीत पाऊण तास आहे. तुझ्याकडे काय आहे?” इतकंच. ‘तू सांगितलंस’ म्हणू नका. ‘मला कळलं’ असंही म्हणू नका, नाहीतर कुणाकडून कळलं हे तो दोन तासांत शोधून काढेल आणि स्टोअरमधला तो बिचारा भरडला जाईल. शिवाय स्टोअरवाल्यानं तुम्हाला जे सांगितलं त्यातही थोडा मीठमसाला असू शकतो, हे धरून चाला. आपल्याकडे निरोप जसाच्या तसा पोचत नाही. पण तुम्ही लिहिता ‘खोटं सांगतो’, म्हणजे हे पुन्हापुन्हा होतंय. तसं असेल तर त्याच्याशी आधी बोलण्यात मला फायदा दिसत नाही. तुम्ही टपरीवरून परत येईपर्यंत तो साहेबांना सांगून आलेला असेल की मॅडम आता मलाच दमदाटी करतात.

म्हणजे साहेबांकडे जायचं. इथे तुमच्यासमोर एक अडचण असते आणि ती सहसा कुणी सांगत नाही. दरम्यान साहेबांनी ती गोष्ट पुढे सांगून टाकलेली असते. भोसरीच्या साहेबांनी शुक्रवारीच ग्राहकाच्या खरेदी विभागाला फोनवर सांगितलं होतं की आमच्या क्वालिटीत उशीर झाला, काळजी घेऊ. डायरेक्टरनाही तेच सांगितलं होतं. आता तुम्ही जाऊन ‘हे खोटं आहे’ म्हणालात, तर साहेबांना काय ऐकू येतं? ‘सर, तुम्ही न तपासता वर चुकीचं सांगितलंत.’ मग ते आधी स्वतःचा बचाव करणार आणि त्या ओघात त्याच्या गोष्टीचाही बचाव करणार. म्हणून जाताना त्यांच्यासाठी एक दार उघडं ठेवून जायचं. ‘तेव्हा तुमच्यासमोर हे नव्हतं’ हे ते दार. संगणकावर तसंच दिसतं, कुणालाही तेच वाटेल, हे तुम्ही स्वतःच म्हणा. ते खरंही आहे.

वेळ नीट निवडा. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगच्या आधी नको, महिनाअखेरीच्या चार दिवसांत नको, आणि मागच्या महिन्याची गोष्ट असल्यानं ‘मला तेव्हाचं बोलायचंय’ म्हणूनही नको. महिनाभर मनात ठेवून आली असं वाटतं. चालू कामाचं निमित्त घ्या. जादा भाड्याचा आढावा असतो, ग्राहकाची डेबिट नोट आलेली असते, किंवा परवाच पुन्हा एखादा लॉट कटोकट सुटलेला असतो. त्याला धरून दहा मिनिटं मागा.

भोसरीतलं ते बोलणं साधारण असं झालं. मी शेजारच्या खुर्चीत होतो, पण गप्प.

“सर, गेल्या गुरुवारी गाडी चुकली त्याच्या वेळा मी काढल्यात. माझ्याकडून दोन फोन चुकले, मी मेट्रॉलॉजीत होते. आता तिथल्या लँडलाइनचा नंबर डिस्पॅचला दिलाय. पण लॉट माझ्याकडे सहा पस्तीसला आला आणि सात वीसला सुटला. सिस्टिमवर पाच वीस दिसतं कारण नोंद प्रेसवर होते. मधला वेळ वॉशिंगला गेला. वॉशिंगच्या वहीत आहे.”

साहेब म्हणाले, “मग तो दोन तास का म्हणाला?”

हा प्रश्न येतोच, आणि सगळं इथेच घसरतं. इथे तोंडातून ‘कारण तो नेहमीच माझ्यावर ढकलतो’ निघालं की पुढची पंधरा मिनिटं त्या दोघांच्या स्वभावावर जातात आणि वही बंदच राहते. तिला मी आदल्या दिवशी चार वेळा म्हणून घ्यायला लावलं होतं. ती म्हणाली, “सिस्टिमवर दोन तासच दिसतात सर. त्याला काय दिसलं ते तोच सांगू शकेल. मला एवढंच वाटतं की पुढच्या वेळी तुम्हाला खरी वेळ दिसावी.”

साहेबांनी फोन उचलला आणि म्हणाले, “थांब, त्यालाच बोलावतो.” तुमच्या बाबतीतही हे होऊ शकतं. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की तुम्हीच लपवताय असं दिसतं. ती म्हणाली, “बोलवा सर. वॉशिंगची वहीपण मागवूया, म्हणजे तिघं मिळून बघू.” साहेब थांबले. फोन ठेवला आणि फक्त वही मागवली. समोरासमोर उभं करण्यात त्यांनाही काही हौस नसते, दुसरा मार्ग दिसला तर ते तोच घेतात.

‘खोटं’ हा शब्द त्या दहा मिनिटांत एकदाही आला नाही. त्या डिस्पॅचवाल्याचं नावही तिनं घेतलं नाही. हे सभ्यतेसाठी नव्हतं. ‘खोटं’ म्हटलं की त्याचा हेतू सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि हेतू कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. वेळ मात्र लिहिलेली असते.

त्याच संध्याकाळी तिनं एक मेल टाकला. फक्त साहेबांना, सीसीमध्ये कुणी नाही. चारचौघांसमोर भांडायचं नाही म्हणणारी माणसं नऊ जणांना सीसी टाकतात, तेव्हा मला हसू येतं. मेल असा होता:

“सर, आज दाखवलेल्या वेळा संदर्भासाठी देत आहे. प्रेसवर नोंद ५.२०. वॉशिंग आत ५.५५, बाहेर ६.३० (वॉशिंग वही). इन्स्पेक्शनला माल ६.३५, सोडला ७.२०. गाडी गेटबाहेर ७.०५ (गेट रजिस्टर). त्या काळात माझ्याकडून दोन फोन चुकले. मेट्रॉलॉजीचा लँडलाइन नंबर डिस्पॅचला कळवला आहे. तुम्ही सुचवल्याप्रमाणे सोमवारपासून ट्रॉलीच्या टॅगवर इन्स्पेक्शनला पोचल्याची वेळ आणि ट्रॉली आणणाऱ्याची सही घेत आहोत.”

शेवटचं वाक्य नीट वाचा. ‘तुम्ही सुचवल्याप्रमाणे.’ टॅगवर वेळ लिहायची कल्पना तिचीच होती, पण बोलता बोलता तिनं ती विचारण्याच्या सुरात मांडली, “टॅगवरच वेळ लिहिली तर चालेल का सर?” आणि साहेब म्हणाले, “चालेल काय, कराच.” झाली त्यांची सूचना. काहींना हे खुशामतीचं वाटेल. मला वाटत नाही. साहेबांनी घातलेली पद्धत डिस्पॅचवाला मोडू शकत नाही. क्वालिटीतल्या मॅडमनी घातलेली तो आठवड्यात मोडेल.

आणि ही टॅगची सही म्हणजेच खरी दुरुस्ती. गेलेल्या गुरुवारचं साहेब विसरूनही जातील. पण माल तुमच्या हद्दीत कधी आला याची नोंद जोवर दुसऱ्याच कुठल्या तरी जागी होते, तोवर कुणीही येऊन ‘क्वालिटीत पडून होता’ म्हणू शकतं. आजचा डिस्पॅचवाला गेला तरी उद्याचा म्हणेल. तुमच्याकडे बारकोड स्कॅन होत असेल तर इन्स्पेक्शनच्या दारातच एक स्कॅन वाढवायला सांगा. नसेल तर टॅगवर पेनानं लिहिलेली वेळ आणि ट्रॉली ढकलत आणणाऱ्याची सही पुरे. सही त्याचीच घ्या. डिस्पॅचवाल्याला सहीला बोलावलंत की रोज नवा वाद. पहिले आठ दिवस ट्रॉलीवाले कंटाळा करतील, एकदम चार टॅग आणून एकच वेळ लिहितील. ते चालवून घेऊ नका. अशा चार टॅगवर सारखी वेळ दिसली की त्या कागदाची किंमत शून्य होते.

साहेब कधीकधी काहीच ऐकून घेत नाहीत. “तुम्ही दोघं आपसात मिटवा, मला यात ओढू नका.” चिडू नका. “मिटवतो सर, फक्त वेळा तुम्हाला मेल करून ठेवते,” म्हणा आणि बाहेर या. मेल कुणी वाचला नाही तरी अप्रेजलच्या वेळी तो असतो. अप्रेजलच्या फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायचा रकाना असतो, तिथे बहुतेक जण ‘टीमवर्क चांगलं’ असलं काहीतरी भरतात. तिथे तुम्ही लिहा की टॅग सुरू झाल्यापासून माल पोचल्यावर सुटायला सरासरी किती मिनिटं लागली. वर्षभराचे टॅग तुमच्याकडे असतील. त्या आकड्यापुढे ‘सहकार्य करत नाहीत’ हा शेरा लिहिताना साहेबांना दोनदा विचार करावा लागेल.

मी स्वतः यात एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असंच एक प्रकरण आलं. मला वाटलं, समोरासमोर सोक्षमोक्ष लावावा. दोघांना माझ्या केबिनमध्ये बसवलं, दार लावलं. ज्याच्यावर आळ आला होता तो पोरगा शंभर टक्के खरा होता आणि त्याच्याकडे रजिस्टरच्या प्रती होत्या. त्यानं त्या टेबलावर आपटल्या. समोरचा एक मिनिट गप्प बसला आणि मग शांतपणे म्हणाला, “बघा सर, याचा आवाज बघा. रोज खात्यात असंच चालतं.” प्रती टेबलावर तशाच पडून राहिल्या. पुढचा अर्धा तास आवाजावर गेला. बाहेर काचेतून सगळं खातं बघत होतं. आठ महिन्यांनी त्या पोरानं राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशीही तो माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

काही गोष्टींना मात्र ही सगळी पद्धत लागू नाही. तुम्ही न तपासता रिपोर्टवर सही करता, खोटा रिपोर्ट बनवता, सप्लायरकडून पैसे घेता असलं काही तो सांगत असेल, तर टपरी नको आणि गोड मेलही नको. त्याच दिवशी साहेब आणि एचआर दोघांना लेखी द्या, की असा आरोप कानावर आला आहे, कृपया चौकशी करावी. मेमो आला तर घ्या, ‘मिळाला’ म्हणून तारीख घालून सही करा आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. मेमो घ्यायलाच नकार देणं ही घाबरलेल्या माणसाची नेहमीची चूक आहे. सही म्हणजे कबुली नसते. आणि तुम्ही बाई आहात म्हणून हेही सांगून ठेवतो. तो जर तुमच्या चारित्र्याबद्दल, कोणाशी कसले संबंध आहेत असल्या गोष्टी पसरवत असेल, तर तो लैंगिक छळाच्या कायद्याचा विषय होऊ शकतो. २०१३ च्या त्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. ते प्रकरण ‘आपसात मिटवा’ म्हणून टोलवायचा अधिकार प्लांट हेडना नाही.

अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू का, असंही काही जण विचारतात. अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पण ज्याला त्या बाबतीत अधिकार आहे त्याच्याकडे सद्‌भावनेनं केलेली तक्रार त्याच कलमाच्या अपवादांत बसते, आणि डिस्पॅचवाला नेमकं तेच म्हणणार, की मी तर साहेबांना कामाचंच सांगितलं. सद्‌भावना होती की नव्हती हे ठरायला कोर्टात वर्षं जातात. नोटीस मिळालेल्या दिवसापासून साहेब तुमच्याशी वकील शेजारी असल्यासारखं बोलू लागतात, हे वेगळंच.

एक शक्यता राहते, ती कडू आहे. साहेबांना ते खोटं हवंच असतं. डिस्पॅचवाला त्यांच्या गावचा असतो, किंवा वर दाखवायला त्यांना क्वालिटी हे सोयीचं कारण असतं. हे कसं ओळखायचं? वही समोर ठेवलीत तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढच्याच गाडीला पुन्हा तोच ‘दोन तास’ त्यांच्या तोंडून आला, टॅग समोर असताना आला, तर ओळखा. एकदा आला तर सवय म्हणून सोडा. तीनदा आला तर दुसऱ्या प्लांटमध्ये बदली मागा नाहीतर बायोडेटा बाहेर काढा. आणखी पुरावे गोळा करत बसू नका. न बघणाऱ्याला जास्त कागद दाखवून उपयोग नाही.

माफीची वाट बघू नका. ती येत नाही. भोसरीत साहेब तिला कधीच ‘माझं चुकलं’ म्हणाले नाहीत. डायरेक्टरना त्यांनी नंतर काय सांगितलं तेही आम्हाला कळलं नाही. टॅग सुरू होऊन पाचेक आठवडे झाले होते. सकाळच्या मीटिंगमध्ये डिस्पॅचवाल्यानं सवयीनं सुरुवात केली, “सर, कालचा लॉट क्वालिटीत…” साहेबांनी मान वर न करता विचारलं, “टॅगवर किती वाजलेत?” त्यानं वहीची पानं चाळली. ती पलीकडे बसली होती. मी तिला आदल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की असं कधी झालं तर त्याच्याकडे बघायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. ती आपल्या डायरीत काहीतरी लिहीत राहिली. नंतर मी विचारलं, काय लिहीत होतीस? म्हणाली, भाजीची यादी.